दारातलं एक मिनिट

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत माझं नाव सत्तेचाळीस होतं.

सर वर्गात यायचे, मस्टर उघडायचे आणि मान खाली घालून आकडे म्हणायला लागायचे. फोर्टी फाइव्ह, फोर्टी सिक्स, फोर्टी सेव्हन. मी ‘यस सर’ म्हणायचे. मी कँटीनला असले की माझी मैत्रीण म्हणायची. तिचा आवाज माझ्यापेक्षा बराच घोगरा, पण मान वर झालीच नाही तर आवाज कुणाचा हे कळणार कसं? हजेरी संपली की प्रोजेक्टरची वायर शोधायची, ती लॅपटॉपला लागेना म्हणून कुणाला तरी ऑफिसात पिटाळायचं, आणि पडद्यावर पहिली स्लाइड येईपर्यंत आमच्यातले निम्मे लोक फोनमध्ये पोचलेले असायचे. सर शिकवायचे चांगलं. आजही डेटा स्ट्रक्चर्समधलं जे काही मला पक्कं येतं ते त्यांचंच आहे. पण ते शिकवायला लागायचे तेव्हा आम्ही तिथे नसायचोच, आणि यात आमची काही चूक आहे असं मला तेव्हा वाटायचं नाही. त्यांची आहे असंही वाटायचं नाही. वर्ग असाच सुरू होतो असं वाटायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली अडीच वर्षं मी दर शनिवारी संध्याकाळी आठवीच्या मुलांना गणित शिकवते. पुण्यातच, एका वस्तीतल्या समाजमंदिरात. आम्ही चार-पाच जण आहोत, सगळे आयटीतले, सगळ्यांना वाटलेलं की गणित येतं म्हणजे शिकवता येईल. माझ्या वर्गात बावीस मुलं. वेळ चार ते साडेपाच.

पहिले काही महिने माझा वर्ग चारला सुरू व्हायचा नाही. म्हणजे मुलं आलेली असायची, मीही असायचे, पण वर्ग नसायचा. मी फळा पुसत असायचे, खडू शोधत असायचे, कोपऱ्यात तारीख लिहीत असायचे, आणि या सगळ्या वेळात माझी पाठ त्यांच्याकडे. पाठीमागून चपला, धक्काबुक्की, कुणाची तरी पाण्याची बाटली गडगडत जायची. मग वळून ‘शांत बसा रे’. मग पुन्हा. पाचव्यांदा म्हणताना माझा आवाज चिरकायचा आणि कुणीतरी त्याची नक्कल करायचं.

सवयीने मी मोजायला घेतलं. कामावर एखादं पान हळू उघडत असेल तर आम्ही आधी मोजतो, मग भांडतो. मी ‘चला, सुरू करू या’ म्हटल्यापासून शेवटच्या मुलाचं पेन कागदाला लागेपर्यंत किती वेळ जातो, हे फोनच्या स्टॉपवॉचवर तीन शनिवार टिपलं. अकरा मिनिटं, नऊ मिनिटं, तेरा मिनिटं. नव्वद मिनिटांच्या वर्गातली. आणि पेन लागलं तरी मन लागलेलं नसायचं, ते वेगळंच.

माझी पहिली समजूत अशी होती की मुलंच तशी आहेत. हे लिहायला लाज वाटते, पण होती.

मग मला वाईच्या आमच्या बाई आठवल्या.

इथे आपल्या शाळांची एक गंमत सांगायला हवी. परदेशी सिनेमांत दिसतं तसं आपल्याकडे मुलं तासाला वर्ग बदलत नाहीत. मुलं आपापल्या बाकावर बसलेली असतात आणि शिक्षक फिरतात. खोली मुलांची असते, बाई पाहुण्या. म्हणून आपल्याकडे स्वागत करतात ती मुलं. बाई दारात दिसल्या की मॉनिटर ओरडणार ‘एक साथ नमस्ते’, आणि साठ मुलं उभी राहून लांबच लांब सूर काढणार, नमस्ते बाऽऽई. बाई म्हणणार ‘बसा’. झालं स्वागत.

या प्रकाराला हसणं सोपं आहे, पण त्याचा एक उपयोग आहे. सगळे एकदम उभे राहतात, चालू असलेलं बोलणं तुटतं, हातातली वस्तू खाली ठेवावी लागते. क्षणभर वर्ग खरोखर गप्प होतो. गडबड होते ती ‘बसा’नंतर. बाई खुर्चीवर बसतात, मस्टर उघडतात आणि हजेरी घ्यायला लागतात. साठ मुलं, प्रत्येकी तीन सेकंद धरा, म्हणजे तीन मिनिटं बाईंची मान खाली. ज्याचा नंबर होऊन गेला तो मोकळा, ज्याचा यायचाय तो अजून मोकळा. नमस्तेने तयार झालेली शांतता हजेरी अशी बसल्या बसल्या खाऊन टाकते. नंतर जो आरडाओरडा करावा लागतो, तो गेलेली शांतता परत आणण्यासाठी.

आमच्या गणिताच्या बाईंचा तास मधल्या सुट्टीनंतरचा होता. म्हणजे दिवसातला सगळ्यात वाईट. मुलं उन्हात खेळून आलेली, कुणाचं भांडण अर्ध्यात राहिलेलं, कुणाच्या तोंडात अजून चिंच. पण हा एकच तास असा होता की मुलं बाहेरून आत यायची, आणि बाईंनी ते बरोबर हेरलं होतं. सुट्टी संपल्याची घंटा व्हायच्या आधीच त्या दारात उभ्या असायच्या. चौकटीत आडव्या, एक खांदा वर्गाकडे, एक व्हरांड्याकडे. फळ्यावर एक उदाहरण आधीच लिहिलेलं असायचं. आम्ही त्यांच्यासमोरून एकेक करून आत जायचो, कारण जाडजूड बाई चौकटीत उभ्या राहिल्यावर एकेकच जाता यायचं.

त्या प्रत्येकाशी बोलायच्या नाहीत. साठ मुलांशी कसं बोलणार? दहा-बारा जणांना एखादं वाक्य, बाकीच्यांना नाव, आणि उरलेल्यांना नुसती नजर. पण आज नजर मिळालेल्याला परवा वाक्य मिळायचं. माझ्या वाट्याला एकदा आलेलं वाक्य मला शब्दशः आठवतं. ‘तुझं कालचं तिसरं उदाहरण बघितलं. एकच चिन्ह चुकलंय. जा, शोध.’ मी बाकापर्यंत पळत गेले होते. तेरा वर्षांची मुलगी, नुकतीच लंगडी हरून आलेली, आणि वजाचं चिन्ह शोधायला पळतेय.

हजेरी त्या घ्यायच्याच नाहीत असं नाही. आम्ही उदाहरण सोडवायला लागलो की रिकामे बाक बघून गुपचूप मस्टरमध्ये खुणा करायच्या. ही युक्ती मला पंधरा वर्षांनी कळली.

तर मी हे शोधायला बसले की बाई जे करायच्या त्यावर कुणी काही अभ्यास केलाय का. केलाय. २००७ साली ऑलडे आणि पाकुरार या दोघांनी अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या तीन मुलांवर एक छोटा प्रयोग छापला. ही तिन्ही मुलं तास सुरू होताना कामाला लागत नाहीत अशी शिक्षकांची तक्रार होती. शिक्षकांनी एवढंच करायचं होतं: मूल दारात आलं की त्याचं नाव घ्यायचं आणि एक बरं वाक्य बोलायचं. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत ही मुलं कामात असण्याचं प्रमाण सरासरी ४५ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं.

आकडा बघून माझे डोळे चमकले, पण जरा थांबायला हवं. मुलं तीन. मोजलं ते फक्त पहिल्या दहा मिनिटांत. एकविसाव्या मिनिटाला ती काय करत होती, त्यांना गणित जास्त आलं का, याबद्दल त्या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही. नंतर २०१८ साली क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी दहा वर्गांमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. तिथे मुलांचा कामात जाणारा वेळ वीस टक्के बिंदूंनी वाढला आणि व्यत्यय नऊ टक्के बिंदूंनी कमी झाला. पण त्यात नुसतं ‘हॅलो’ नव्हतं. शिक्षक दारातच मुलाला सांगत होते की आत गेल्यावर काय करायचं आहे, आणि काल ज्याचं बिनसलं होतं त्याला आज नव्याने सुरुवात करायची संधी देत होते. म्हणजे आमच्या बाईंचं ‘जा, शोध’.

माझ्या मते सगळी मेख त्या ‘जा, शोध’मध्ये आहे. मूल दारात येतं ते मागचं सगळं बरोबर घेऊन येतं. त्याच्या मनात दोन साधे प्रश्न असतात, ते बोलून दाखवत नाही इतकंच: मी आलोय हे इथे कुणाला कळलं का, आणि आता मी काय करायचं. पहिल्याचं उत्तर म्हणजे नाव. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे काम. फक्त पहिलं दिलं तर मूल खूश होऊन आत जातं आणि खुशीत दंगा करतं. फक्त दुसरं दिलं तर तो हुकूम होतो. (माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. दोन मशीन एकमेकांशी बोलू लागण्याआधी तीन छोटे निरोप जातात-येतात: बोलायचंय, ऐकलं, मलाही बोलायचंय, ऐकलं. हे झाल्याशिवाय माहितीचा एक बाइटसुद्धा पाठवत नाहीत. एक साथ नमस्तेमध्ये निरोप सुटतो, पण कुणाला पोचला याची पावती कुणीच देत नाही. असो.)

मी ठरवलं, आपणही दारात उभं राहायचं.

हिशोब सोपा होता. बावीस मुलं, प्रत्येकी तीन-चार सेकंद, म्हणजे जेमतेम सव्वा मिनिट. प्रत्यक्षात मुलं रांगेत येत नाहीत, घोळक्याने येतात. आठ जणींचा एक लोंढा आला आणि मी पहिल्या दोघींशी बोलेपर्यंत बाकीच्या माझ्या हाताखालून आत. शिवाय मी पूर्ण बाहेर तोंड करून उभी होते, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि आत चाललं होतं बरंच काही. त्या दिवशी स्टॉपवॉच म्हणाला दहा मिनिटं. म्हणजे काहीच फरक नाही.

पुढच्या शनिवारी बाईंसारखी आडवी उभी राहिले. आतलं दिसायला लागलं. पण मुलांना संशय आला. ‘ताई, आज काय झालं? कोण येणारेय का?’ त्यांच्या अनुभवात शिक्षक दारात उभे राहतात ते एकतर पाहुणे येणार म्हणून किंवा कुणाला तरी पकडायला. आणि मी पकडतही होतेच. ‘ये गं, गृहपाठ केलास?’ असं मी हसून विचारत होते आणि मला ते स्वागत वाटत होतं. तिसऱ्या मुलीनंतर लक्षात आलं की बाकीच्या व्हरांड्यात थांबून एकमेकींच्या वह्या उतरवतायत. दाराचा मी टोलनाका केला होता. तेव्हापासून दारात गृहपाठ विचारायचा नाही, हा नियम केला. ज्याचं उत्तर द्यायला मुलाला भीती वाटेल असा कोणताच प्रश्न दारात नाही.

दुसरी चूक फळ्यावर होती. मी उत्साहात एक छानसं, डोकं खाजवायला लावणारं कोडं लिहून ठेवलं होतं. चार मुलं त्यावर तुटून पडली. उरलेल्या अठरांना सुरुवातच करता येईना, मग त्यांनी जे करता येत होतं ते केलं, म्हणजे गप्पा. आता मी तीन प्रश्न लिहिते. पहिला गेल्या आठवड्यातला आणि असा की वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही पेन टेकवता येईल. उदाहरणार्थ, परिमेय संख्या शिकवून झाल्या असतील तर ‘२/३ आणि ३/४ यांत मोठी कोणती?’ दुसरा, तेच आकडे पण दोन्हींना वजाचं चिन्ह. इथे निम्मी मुलं गडबडतात, कारण ३/४ मोठी असली तरी −३/४ लहान होते, आणि मग शेजाऱ्याशी वाद घालतात. तो वाद मला चालतो, तो गणिताचा असतो. तिसरा प्रश्न त्या चार जणांसाठी.

हळूहळू जमायला लागलं. नाव, एक वाक्य, आणि हाताने फळ्याकडे खूण. वाक्य खरं असायला हवं, हे मुलांनीच शिकवलं. पहिल्या उत्साहात मी सगळ्यांना ‘अरे वा, आज मस्त दिसतोयस’ म्हणत सुटले होते. एकाने तोंडावर सांगितलं, ‘ताई, तुम्ही सगळ्यांना तेच म्हणता.’ आता मी आदल्या रात्री वह्या चाळून पाच-सहा जणांबद्दल काहीतरी हेरून ठेवते. ‘तुझी आकृती स्वच्छ होती.’ ‘मागच्या वेळी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं, शोधून आणलंय.’ बाकीच्यांना नाव पुरतं, पण नाव नीट उच्चारलेलं.

या मिनिटाचा एक फायदा कुठल्याच आकड्यात दिसत नाही. दारात मुलाला मी दिसते तसं मलाही मूल दिसतं. एकीचे डोळे सुजलेले दिसले. दारात ‘काय झालं’ विचारलं असतं तर तिने ‘काही नाही’ म्हटलं असतं आणि मागच्या पाच जणींनी ऐकलं असतं. मी नुसतं नाव घेतलं, आत सोडलं आणि त्या दिवशी तिला फळ्यावर बोलावलं नाही. पूर्वी पाठ करून उभी असायचे तेव्हा मी तिलाच बोलावलं असतं, आणि ती गप्प उभी राहिल्यावर तिला अभ्यास येत नाही असं मनात टिपून ठेवलं असतं. असं मी किती जणांबद्दल टिपलं असेल कोण जाणे.

दारानंतरचे काही सेकंदही शिकावे लागले. सगळे आत आले की मी फळ्यापाशी जाऊन उभी राहते आणि हात काहीच करत नाहीत. फळा पुसायचा नाही, फोन बघायचा नाही. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही; चढवला की मुलंही चढवतात, त्यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं ना. पहिलं वाक्य नेहमीपेक्षा हळू बोलायचं. हे सगळ्यात अवघड, कारण ते पाच-सहा सेकंद तासाभराएवढे वाटतात.

सातव्या-आठव्या शनिवारी स्टॉपवॉच चार मिनिटं दाखवायला लागला, एकदा तीनही. पावसाच्या दिवशी आठ, कारण भिजलेल्या मुलांना आधी एकमेकांवर पाणी उडवायचं असतं, त्यावर दारातल्या नमस्काराचा इलाज नाही. आणि वीस-पंचवीस मिनिटांनंतर माझं शिकवणं कंटाळवाणं झालं की लक्ष जायचं ते जातच होतं. पण सुरुवात माझ्या हातात आली होती. मी ऑफिसात जेवताना सगळ्यांना हे सांगत सुटले होते.

आणि मग तो शनिवार आला.

वर्गात एक मुलगा होता जो नेहमी उशिरा यायचा. चार वीस, चार पंचवीस. हुशार, पण दारातलं ते मिनिट त्याच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं, कारण तो यायचा तेव्हा मी फळ्यापाशी असायचे. मला त्याच्या उशिराचा राग येऊ लागला होता. मी इतकं नीट लावलेलं गणित हा दर आठवड्याला बिघडवतो, असा. आदल्या रात्री आमचं रिलीज होतं, मी पहाटे तीनला झोपले होते. चार बावीसला तो दारात आला, आणि मी फळ्यापासून म्हटलं, ‘या या, साहेब! चहा सांगू का?’

वर्ग खदखदून हसला. तोही हसला. आत येऊन बसला. मला वाटलं, छान, हलकंफुलकं झालं.

त्या दिवशी त्याने वहीत काही लिहिलं नाही, हे मी पाहिलं होतं पण जोडलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याची सहावीतली बहीण शेजारच्या वर्गात यायची. तिला विचारलं तर ती आधी बोलेना. मग म्हणाली, ‘ताई, त्याला सगळे आता चहा म्हणतात. गल्लीत पण. नळावर पण.’

नळ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या गल्लीत पाणी साडेतीनच्या सुमारास येतं आणि आई त्या वेळी कामावर असते. घरात भरायला तो आणि बहीण. बहीण लहान, म्हणून तिला वेळेवर पाठवून उरलेले हंडे तो भरायचा आणि मग यायचा. उशीर करून यायचा, म्हणजे यायचा. न येण्याची सगळी कारणं असताना दर शनिवारी येत होता.

मी बराच विचार केला की एवढंसं वाक्य इतकं का लागलं. असली वाक्यं आपण शाळेत शेकडो ऐकली आहेत. आले का महाराज, सूर्य कुठे उगवला आज, वगैरे. शिक्षकांचा तो आवडता विनोद आहे आणि ऐकणारा हसतोही, कारण सगळे हसत असताना न हसणं जास्त महाग पडतं. पण माझ्या वर्गात सात-आठ आठवडे दारात प्रत्येकाला त्याचं नाव मिळत होतं. बावीसपैकी एकवीस जणांना. बाविसाव्याला एकदाच काहीतरी मिळालं आणि ते हे. मुलांनीही ते माझ्याकडून बाकी सगळं घेत होती तसंच घेतलं: ताईने दारात ठरवलं की हा साहेब, हा चहा. माझ्या शब्दाला दारात वजन आलं होतं ते मीच मिळवलेलं होतं.

मी एका शनिवारी साडेतीनला नळावर गेले. तो हंडा लावून उभा होता. माफी वगैरे मागण्याचं मी मनात रचून नेलं होतं, पण रांगेत चार बायका होत्या आणि वर्गातली दोन मुलंही. पुन्हा सगळ्यांसमोर त्याचा विषय काढणं म्हणजे तेच पुन्हा करणं झालं असतं. मी त्याचं नाव घेतलं आणि एवढंच म्हटलं, ‘माझं चुकलं. पाणी झालं की ये. किती वाजता आलास तरी चालेल.’ तो नळाकडे बघत ‘हां’ म्हणाला.

तो दोन आठवड्यांनी आला. मधल्या काळात मी वर्गात काही बदल केले होते. दाराजवळची सतरंजीची कड रिकामी ठेवायला लागले, म्हणजे उशिरा येणाऱ्याला सगळ्यांचे पाय ओलांडत जावं लागू नये. तिथे एक चिठ्ठी ठेवते. तिच्यावर फळ्यावर कितवा प्रश्न चालू असेल तो आकडा. उशिरा कुणी आलं की मी शिकवणं थांबवत नाही, त्याच्याकडे एकदा बघते, मान हलवते, बस. ‘चहा’ हा शब्द वर्गात पुन्हा ऐकला तेव्हा मी म्हणणाऱ्याकडे बघत गप्प उभी राहिले. एकदा पुरलं नाही. तीन-चारदा करावं लागलं. गल्लीतलं मला थांबवता आलं नाही.

तो आला, माझ्याकडे न बघता बसला. पुढच्या वेळीही तसंच. मी मान हलवायचे, तो चिठ्ठी बघायचा. आमच्यात तीन-चार महिने एवढंच चाललं. आणि हे सुधारतंय की नाही ते कळायला स्टॉपवॉचचा काही उपयोग नव्हता. मी नंतर त्याच्या वहीवरून अंदाज घ्यायला लागले. आधी नुसती तारीख. मग पहिला प्रश्न. मग एकदा तिसरा, माझ्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने.

गेल्या महिन्यातली गोष्ट. चार पंधराला तो दारात आला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. वर्ग विस्तार सूत्रांवर होता. मी मान हलवली. त्या दिवशी चिठ्ठी ठेवायची विसरले होते, म्हणून बोटांनी चार दाखवलं.

‘माहितीये,’ तो म्हणाला. ‘खिडकीतून दिसतं.’

आणि बसायच्या आधीच त्याने उत्तर सांगितलं. चिन्ह चुकलं होतं.